जीव ओतण्याची योजना

तारापूरच्या एका रसायन कारखान्यात मी एचआरला होतो. एकदा प्रयोगशाळेच्या मॅनेजर साहेबांनी एका केमिस्ट मुलीची कामसुधारणा योजना माझ्या टेबलावर आपटली. त्यात लिहिलं होतं, ‘कामात जीव ओतावा, वृत्ती बदलावी, लवकरात लवकर फरक दिसावा.’

“किती लिटर ओतायचा?” मी विचारलं. साहेब हसले नाहीत.

मुलगी दातिवरे गावची. कागद वाचून शांतपणे म्हणाली, “सर, मी करीन. पण काय करायचं हाय, तेच यात नाय.”

मी साहेबांना बसवून खरी तक्रार विचारली. तिचे रिपोर्ट उशिरा येत आणि त्यांत चुका असत. नवं मशीन तिला कुणी शिकवलंच नव्हतं, हेही निघालं. मग आम्ही योजना पुन्हा लिहिली. बाकीच्यांसारखाच रिपोर्ट चार तासांत द्यायचा, आठवड्यात दोनपेक्षा जास्त दुरुस्त्या नकोत, दर मंगळवारी साहेबांनी तासभर मशीन शिकवायचं आणि तीन महिने, दर महिन्याला ठरल्या तारखेला आढावा. साहेबांनी आणि तिनं सह्या केल्या.

पहिल्या आढाव्याला रिपोर्ट वेळेवर होते, चुका मात्र तेवढ्याच. आता ती नापास होणार म्हणून साहेब खुशीत आले. मी शिकवणीची नोंद मागितली. चारपैकी तीन मंगळवार त्यांनीच बुडवले होते. ते मी आढाव्यात लिहिलं आणि तिची मुदत महिनाभर वाढवली.

साहेब धुसफुसत शिकवू लागले. शेवटच्या आढाव्यात ती पास झाली. बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, “साहेबांनाबी ते मशीन येत नव्हतं, सर. आमी दोगं बरोबरच शिकलो.”