एकाच रकान्याचं पत्र

आमच्या धरमपेठेतल्या वाचनालयाचं मासिक पत्र कागदावर निघायचं तेव्हा त्याला कोणी वाचक आहेत की नाहीत हे कधी कळलं नाही. ते ईमेलवर गेलं आणि वाचक नाहीत हे आकड्यांसकट कळू लागलं. मी पोटापाण्यासाठी ईमेलची टेम्प्लेटं, म्हणजे मजकूर बसवायचे साचे, बनवते, म्हणून कार्यकारिणीने ते काम मला फुकट दिलं आणि ठरावात त्याला 'सेवा' म्हटलं.

त्या एप्रिलमध्ये आमच्या ग्रंथपाल बाई गेल्या. शोकसभा रविवारी ठरली. रामटेकला त्यांची धाकटी बहीण असते; पायाच्या दुखण्यामुळे तिला येणं शक्य नव्हतं. तिने फोनवर सांगितलं की ताई तिथे दिवसभर काय करायची हे मला कधी नीट कळलंच नाही, तुम्ही जे लिहाल ते पाठवा, मी मोबाईलवर वाचीन. गुरुवारी पत्र जायचं होतं.

मृत्युलेख लिहायला कार्यकारिणीतल्या तिघांनी नकार दिला, कारण तिघांनाही सभेत बोलायचं होतं. तेव्हा आमचा टायपिस्ट म्हणाला, मी लिहितो. पन्नाशी उलटलेला हा माणूस उमरेडहून एसटीने येतो. आयुष्यभर त्याने लग्नपत्रिका, अहवाल आणि इतरांची मनोगतं टाइप केली. स्वतःचं असं त्याने पहिल्यांदाच लिहिलं, चार परिच्छेद. लिहून झाल्यावर त्याने ते मला वाचायला दिलं नाही. नुसतं बसवा म्हणाला.

अध्यक्षांना पत्र दोन रकान्यांचं हवं होतं, पूर्वीच्या अंकासारखं. डावीकडे त्यांचा फोटो आणि मनोगत, उजवीकडे बाकीचं जग. मी त्यांना सांगितलं होतं की फोनच्या पडद्यावर दोन रकाने एकाखाली एक यावेत असा नियम लिहिता येतो, पण काही मेल ॲप तो नियम गाळून टाकतात. मग दोन्ही रकाने चिंचोळ्या पट्ट्यांसारखे शेजारी उभे राहतात. अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांची मान सगळ्यालाच डोलते.

टायपिस्टचाही एक हट्ट होता. फाँटच्या यादीत त्याचा नेहमीचा जुना टायपिंगचा फाँट पहिला हवा. फाँट मेलबरोबर प्रवास करत नाही. वाचणाऱ्याच्या यंत्रावर असेल तरच दिसतो. म्हणून टेम्प्लेटमध्ये एकामागे एक नावं द्यावी लागतात: पहिला नसेल तर दुसरा, तो नसेल तर तिसरा, आणि शेवटी यंत्राकडे जे असेल ते. मी त्याचा फाँट पहिला ठेवला आणि मागे फोनमध्ये, संगणकात सहसा असणारे देवनागरी फाँट लावले. त्याच्या संगणकावर चाचणीचा मेल उघडला. सुंदर दिसला. इथे मी चुकले. ज्या यंत्रावर मजकूर तयार झाला तिथेच तो तपासून मी समाधान मानलं.

बुधवारी दुपारी तोच मेल आम्ही माझ्या फोनवर उघडला. बाईंच्या फोटोखाली इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा चिखल होता.

टायपिस्टने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे इंग्रजी काहून दिसून राहिलं, ताई?"

मी त्याला समजावलं. त्याच्या जुन्या फाँटमध्ये आत खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. फाँट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. फाँट नसला की मुखवटा गळतो. मागे कितीही चांगले फाँट रांगेत उभे केले तरी ते काय करणार, आत मराठी नाहीच. छापखान्यात हे कधी उघडं पडलं नाही, कारण कागदावर जायची ती शाई.

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी मराठी टाइपच नाही केलं."

मी म्हटलं, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, बदलणारं साधन आहे, दोन मिनिटांचं काम. त्याने नकार दिला. त्या साधनातून रफार आणि वेलांट्या भलतीकडे पडतात, हे त्याला ऐकून माहीत होतं. बाईंच्या बाबतीत एकही वेलांटी इकडची तिकडे नको, म्हणाला. नव्या कळफलकावर त्याने चार परिच्छेद पुन्हा टाइप केले. ज्याची बोटं न बघता धावायची, तो एकेक कळ शोधत होता. कूलरचा आवाज आणि मधून मधून एक कळ.

त्याचं होईतो मी टेम्प्लेट मोडून पुन्हा बांधलं. बहिणीच्या मोबाईलवर चिंचोळ्या पट्ट्या नकोत म्हणून एकच रकाना, रुंदी सहाशे पिक्सेलच्या आत, फोनवर पडद्याइतकी. शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं होतं, इंग्रजी नमुन्यांत असतं तसं. त्यामुळे शिरोरेषा तुटत होती, ते शून्य केलं. ओळींमध्ये जागा वाढवली, म्हणजे वरच्या मात्रा खालच्या उकारांवर आदळणार नाहीत. काही ॲप चित्रं आपणहून दाखवत नाहीत, म्हणून प्रत्येक फोटोमागे शब्दांत लिहिलं की हा कोणाचा फोटो.

एका रकान्याची अडचण मात्र मला आधी सुचली नव्हती. दोन रकान्यांत दोघंही वर असतात. एका रकान्यात कोणाला तरी खाली जावं लागतं. अध्यक्षांचं मनोगत नेहमी पहिलं असतं, म्हणून मी ते पहिलं ठेवलं आणि गुरुवारी सकाळी त्यांना चाचणीचा मेल पाठवला.

ते स्वतः कार्यालयात आले. पत्र एका पट्टीचं झालं म्हणून नाराज होते.

"काय करून राहिली वं तू? गरिबाघरच्या पत्रिकेसारखं दिसते हे."

मी म्हटलं, तुमच्या फोनवर मेलची यादी उघडून बघा. पत्र उघडू नका, यादीच बघा.

यादीत वर विषय होता: आपल्या ग्रंथपाल बाईंचे निधन, रविवारी शोकसभा. त्याखाली, करड्या अक्षरांत, पत्रातली पहिली ओळ ॲपने आपणहून उचलली होती: आपणा सर्वांना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की.

मनोगतातला आनंद वाचनालयाच्या नव्या व्यासपीठाचा होता. पण ते पुढे होतं, आणि यादीत पुढचं दिसत नाही. तिथे दुसरी ओळ दाखवायची एक युक्ती असते, पत्राच्या डोक्यावर न दिसणारा मजकूर ठेवायचा. ती मला रोज लागते. त्या दिवशी मी ती वापरली नाही, आणि अजून मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग पत्र उघडलं, स्वतःचं मनोगत अंगठ्याने वर ढकललं आणि टायपिस्टचे चार परिच्छेद वाचले, उभ्यानेच. टायपिस्ट भिंतीकडे बघत होता.

"मले खाली घे," ते म्हणाले. फोन खिशात ठेवत, "फोटोही काढ माहा."

मी मनोगत खाली घेतलं. फोटो लहान करून ठेवला. एवढा त्याग त्यांना पुढे झेपला नसता.

दुपारी पत्र गेलं. लेखात फार काही नव्हतं. बाई वर्तमानपत्रातल्या बातमीवरून भांडणाऱ्या म्हाताऱ्यांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवायच्या. आणि जुन्या पुस्तकांना कव्हरं घालायला टायपिस्टकडून छपाईत बिघडलेले कागद मागून न्यायच्या. 'माझ्या चुका त्यांनी वाया जाऊ दिल्या नाहीत,' असं त्याने लिहिलं होतं. तेवढंच एक वाक्य अलंकारिक म्हणता येईल, पण ते नुसतं खरं होतं.

शनिवारी रामटेकहून उत्तर आलं. मी ते टायपिस्टच्या फोनवर पाठवलं. बहिणीने लिहिलं होतं: फोटो दिसले नाहीत, अक्षरं सगळी दिसली. दोनदा वाचलं. ताईने दिलेलं एक पुस्तक माझ्याकडे आहे, त्याच्या कव्हरवर वरमाईचं नाव चुकलेली लग्नपत्रिका आहे. ती तुमचीच असेल.

त्याने ते वाचलं. फोन लांब धरला, जवळ धरला.

"माहीच," तो म्हणाला. मग आमचं पत्र उघडून त्याच्यावरून एकदा अंगठा फिरवला. "अक्षर थोडं बारीक आहे, ताई. बाईंच्या बहिणीचं वय झालं आहे. पुढच्या पत्रात एक पॉइंट वाढवा."