सहलीला न जाणारा माणूस

सतीश देवस्थळींना चूक दिसली की गप्प बसता येत नसे. इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या त्या चार मजली इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्याचा फायदा घेत. कौन्सिलच्या पत्रातला मजकूर समजून घ्यायचा असो की बॉयलरवाल्याने लावलेलं बिल तपासायचं असो, लोक त्यांच्याकडे जात. काम झालं की शक्यतो जिन्यातच त्यांना टाळत. कारण काका एकदा सुरू झाले की मूळ प्रश्नाच्या पलीकडच्या तीन चुका दाखवल्याशिवाय थांबत नसत.

ते सहासष्ट साली इंग्लंडात आले. पाणीपुरवठा कंपनीत इंजिनिअर म्हणून उमेदीची वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर पत्नी अरुणाबाईंसह या इमारतीत फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे भारतीय कुटुंबं दोनच होती. मग सॉफ्टवेअरची माणसं येऊ लागली. कंपनी दोन-तीन वर्षांसाठी पाठवायची, बायको-मुलं मागून यायची. निम्मी इमारत भरली तेव्हा अरुणाबाईंनी टूम काढली की उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं. पहिल्या सहलींना एक मिनिबस पुरायची आणि ती काका चालवायचे. सत्त्याण्णव सालाआधी गाडीचा परवाना काढलेल्यांनाच सोळा सीटांची मिनिबस वेगळ्या परीक्षेशिवाय चालवता येते आणि इमारतीत असा परवाना एकट्या काकांकडे होता. गाडी ज्या सामाजिक संस्थेकडून मिळे, तिच्याशी बोलणंही तेच करत. वाटेत कुठे थांबायचं, टॉयलेटला किती वेळ द्यायचा, हेही तेच ठरवत.

अरुणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी काकांना सत्तर पूर्ण झाली. सत्तरीनंतर मिनिबससाठी डॉक्टरी तपासणी लागते. साध्या गाडीला पुरणारी नजर तिथे पुरत नाही. काकांची पुरली नाही. "मोतीबिंदूची सुरुवात आहे, बाकी काही नाही," असं ते सगळ्यांना सांगत राहिले. न विचारणाऱ्यांनासुद्धा.

त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, सहल मीनलने हातात घेतली. मीनल एका बँकेच्या सॉफ्टवेअर प्रकल्पाची मॅनेजर. ती घरचा वाढदिवससुद्धा प्रकल्पासारखा पार पाडायची. कोच म्हणजे मोठी बस करायची, समुद्रकाठच्या बोर्नमथला जायचं, आधी पैसे आणि मग सीट, असं तिने ई-मेलने कळवून टाकलं. काकांनी त्याच संध्याकाळी खाली जाऊन तिच्या हातात चेक ठेवला.

"काका, एवढी काय घाई? लोक आठवण केल्याशिवाय देणार नाहीत."

"म्हणून तर पहिला दिला. खिडकीची सीट."

"सीट नंबर नाहीयेत हो."

"मग लवकर येऊन उभा राहीन."

या सहलीला जायचंच, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांचा मुलगा केंब्रिजला होता. तो दर रविवारी फोन करायचा, साधारण चहा निवेपर्यंत बोलायचा. बाकी आठवडाभर काकांशी बोलायचं ते दुकानातल्या मुलीने, तेही सुट्टे आहेत का एवढंच. सहलीच्या दिवशी मात्र लोक शेजारी बसत. सकाळपासून रात्रीपर्यंत कुणीतरी खायला पुढे करत असे.

जूनच्या शेवटी मीनलच्या घरी बैठक झाली. पैसे जवळजवळ सगळ्यांचे आले होते. मीनलने यादी छापून आणली होती. एकूण सत्तेचाळीस माणसं, एकोणपन्नास सीटांची कोच. दोन सीट सामानाला मोकळ्या.

काकांनी यादी वाचायला घेतली, तेव्हाच गिरीशने डोळे मिचकावले. गिरीश तिसऱ्या मजल्यावरचा, सीमाचा नवरा, सगळ्यांची टिंगल करणारा. "झालं. ऑडिटर आले."

"यात शिल्पाची मुलगी नाही," काका म्हणाले.

"काका, ती पाच महिन्यांची आहे," शिल्पा म्हणाली. "माझ्या मांडीवरच असते."

"मांडीवर असो की डोक्यावर. कोचवाला माणसं मोजतो. बाळ म्हणजे एक माणूस, एक सीट. इथे एसटीसारखं नाही. ठरलेल्या आकड्यावर एक जरी डोकं झालं, तरी ड्रायव्हर गाडी हलवणार नाही."

मीनलने कंपनीचं पत्र काढून वाचलं. तसंच लिहिलं होतं. मग एकेक आठवू लागलं. नंदूचा मुलगा, दुसऱ्या मजल्यावरची जुळी. तीन बाळं मांडीवर गृहीत धरून सोडली होती, शिल्पाची धरून चार. तशी ती सगळ्यांनीच सोडली होती. आपल्याकडे कडेवरच्या मुलाचं तिकीट कोण काढतं?

"एक्कावन्न," मीनल म्हणाली.

तिने तिथूनच फोन लावला. मोठी कोच नव्हती. शाळांच्या सहलींचा मोसम, त्या शनिवारी सगळ्या गाड्या गेलेल्या. दुसऱ्या दोन कंपन्यांचंही तेच. जोडीला मिनिबस घ्यायची तर चालवणार कोण, असं कुणीतरी म्हणालं आणि लगेच जीभ चावली. काका यादीकडे बघत राहिले.

"माझी गाडी आहे ना," गिरीश म्हणाला. "मी आणि सीमा गाडीने येतो. झाले एकोणपन्नास. संपला प्रश्न."

प्रश्न खरंच संपला होता. काकांनी तिथे उठून घरी जायला हवं होतं. पण त्यांनी पान उलटलं.

मागच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर होता. काकांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, मग चष्मा काढला.

"मीनल, हे काय केलंयस? शिल्पापुढे सीमाचं नाव. सीमापुढे नंदूचं. नंदूपुढे तुझं. तुझ्यापुढे शिल्पाचं."

"मग? आम्ही एकमेकांनाच ओळखतो इथे."

"आणि सगळे एकाच कोचमध्ये. मोटरवेवर काही झालं तर पोलिसांनी कुणाला फोन करायचा? शेजारच्या सीटला?"

कुणी हसलं नाही. त्या क्षणी काकांना बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुन्या सहलींमध्ये ते बोलायचे तेव्हा अशीच शांतता पसरायची.

"संपर्काचा माणूस सहलीला न येणारा पाहिजे," ते पुढे म्हणाले. "दिवसभर घरी, फोनजवळ बसणारा. त्याच्याकडे सगळी यादी, भारतातले नंबर, कुणाला कसली औषधं चालत नाहीत ते. साधी गोष्ट आहे."

"बरोबर आहे," मीनल म्हणाली. "अगदी बरोबर. पण असा माणूस आणायचा कुठून?"

इमारतीतली इतर मंडळी, म्हणजे इंग्रज म्हातारी जोडपी आणि पोलिश मुलं, यांच्याशी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे संबंध नव्हता. भारतातले भाऊ-बहीण काय कामाचे? मीनल यादीकडे बघत होती. मग तिने वर बघितलं. काकांना ती काय म्हणणार ते तिच्या आधी कळलं.

"काका, खरं सांगू? इथलं सगळं माहीत असलेलं असं तुमच्याशिवाय कोण आहे? पोलिस, हॉस्पिटल, कुणाशीही तुम्ही बोलू शकता. आम्ही गोंधळून जाऊ."

"हो काका," शिल्पा म्हणाली. "तुम्ही घरी आहात म्हटल्यावर मला बाळाची काळजी नाही."

"मी चेक दिलाय," काका म्हणाले. यापेक्षा बरं काही त्यांना सुचलं नाही.

"तो परत देते ना! मी अजून भरला नाहीये."

"आणि मग मला गाडी काढायला नको," गिरीश म्हणाला. "म्हणजे बघा, काका गेले वजा, उरले पन्नास. नाही, अजून एक जास्तच. बरं, मी एकटा गाडीने येतो, सीमा कोचमध्ये."

काका गेले वजा. त्याने ते सहज म्हटलं होतं आणि हिशोबही बरोबर होता.

नकार देता आला असता. पण ज्याने नियम सांगितला त्यानेच तो मोडायचा कसा, ही काकांची जुनी दुखरी नस होती. ते "ठीक आहे" म्हणाले. मीनलने चेक पाकिटात घालून परत दिला, वर लिहिलं, 'काका, थँक यू'.

शनिवारी सकाळी काका फुटपाथवर यादी घेऊन उभे होते. चढणाऱ्यांची मोजणी करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या मजल्यावरचं चौघांचं कुटुंब आलंच नाही. मुलांना कांजिण्या झाल्या, असा रात्री मेसेज आला होता. ड्रायव्हरने दार लावायला हात पुढे केला तेव्हा मागच्या चार सीट रिकाम्या होत्या. बाहेरून काचेतून त्या स्पष्ट दिसत होत्या.

शिल्पाने त्या पाहिल्या. "मीनल, मग काका..."

"अगं, सगळ्यांच्या हातात काकांच्या घरचा नंबर छापून दिलाय. आता कुणाला ठेवणार?" मीनल काकांकडे वळली. "हो ना काका?"

ती विचारत होती, हे नंतर काकांना बरेचदा आठवलं. नाही म्हणायला त्यांना जागा होती.

"निघा," ते म्हणाले. "ट्रॅफिक लागेल."

गिरीशने आपली गाडी परत पार्क केली आणि पळत येऊन कोचमध्ये चढला.

दिवसभर फोन वाजला नाही. काका दुकानातही गेले नाहीत. एकदा त्यांनी रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे का ते पाहिलं. कोच परत आली तेव्हा ते खाली गेले. झोपलेली मुलं खांद्यावर टाकून, वाळू झाडत लोक उतरले. गिरीशने फॉइलमधले पराठे त्यांच्या हातात दिले. "उरलेत, काका. फेकून द्यायचे होते, म्हटलं तुम्हाला द्यावेत."

"तुमच्यामुळे कसं निर्धास्त वाटलं," मीनल म्हणाली. "पुढच्या वर्षीही तुम्हीच हं."

पुढच्या वर्षी मीनल तिथे नव्हती. कंपनीने तिला ॲमस्टरडॅमला पाठवलं. शिल्पा पुण्याला परतली. सहल अक्षरा नावाच्या नव्या मुलीने काढली. तिला इंग्लंडात येऊन सात महिने झाले होते. काकांबद्दल तिने ऐकलं होतं, म्हणून ती यादी घेऊन वर आली.

"काका, तुम्हाला यातलं सगळं कळतं म्हणे. जरा बघता का, काही राहिलंय का?"

काकांनी चष्मा लावला. बाळं धरली होती, माणसं सीटांइतकीच होती. त्यांचं नाव अठराव्या क्रमांकावर, पैसे मिळाल्याची खूण केलेली. मग त्यांनी पान उलटलं. अक्षरापुढे तिच्या शेजारणीचं नाव, शेजारणीपुढे अक्षराचं. खाली तसंच, जोडीजोडीने, शेवटपर्यंत. काकांच्या नावापुढे त्यांनी स्वतः मुलाचा केंब्रिजचा नंबर लिहिला होता. अख्ख्या पानावर कोचबाहेरचा माणूस तो एकटाच.

त्यांनी पान नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. अक्षरा वाट बघत होती.

"बरोबर आहे का?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," सतीश देवस्थळी म्हणाले आणि यादी तिला परत दिली.