ताईचं नाक

सगळी गल्ली तिला ताई म्हणते. मी तिच्याहून मोठी, कॉलेजात तिच्या पुढच्या वर्गात होते, तरी मीही ताईच म्हणते. काही माणसं जन्मतःच थोरली असतात, वयाशी त्याचा संबंध नसतो.

ताई आणि तिची धाकटी बहीण बेबी, दोघी एका घरात राहतात. खालच्या मजल्यावर त्यांचं स्वयंपाकघर आहे, तिथून केक आणि कस्टर्ड बाहेर जातं. बेबीलाही आता नातू आहे, पण नाव बेबीच. ताईने लग्न केलं नाही. बेबीने केलं, नवरा वारला, आणि ती ताईकडे परत आली. ताईने एका शब्दाने विचारलं नाही, की किती दिवस राहणार. गाद्या उन्हात टाकल्या आणि कपाटातला अर्धा भाग रिकामा केला.

केक-कस्टर्डच्या आधी ताई एका कचेरीचं कँटीन चालवायची. सकाळभर ऑम्लेट आणि उकडलेली अंडी. तिथे ती एक गोष्ट पक्की शिकली, जी चांगल्या चांगल्या गृहिणींना माहीत नसते. अंड्याचं भांडं आधी गार पाण्याखाली धरायचं. गरम पाणी ओतलंत की अंडं भांड्यावरच शिजतं, स्टीलला पांढुरका पापुद्रा धरतो आणि त्याच्या खाली वास दडून बसतो. मग घासत बसा संध्याकाळपर्यंत. ताई गार पाण्यात खायचा सोडा घालून भांडी भिजत ठेवायची, मऊ घासणीने पापुद्रा काढायची, शेवटी व्हिनेगरचा हात फिरवायची आणि मग भांडं नाकाशी नेऊन वास घ्यायची. वास आला तर पुन्हा पहिल्यापासून. कँटीनमधली पोरं तिला मागे ‘कुत्री’ म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि तिला ते आवडायचं.

मग ताप आला. साधाच, आठवडाभराचा. ताप गेला तो तिचं नाक घेऊनच गेला. कापूर, कांदा, जळकं दूध, काही म्हणजे काही कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं नाही. चवही निम्मी गेली. गोड, खारट, आंबट एवढंच उरलं.

ताई रडली नाही. तिने कँटीन सोडलं. म्हणाली, “नासकं अंडं मला कळणार नाही, न धुतलेलं भांडं कळणार नाही. मग लोकांना मी काय म्हणून खायला घालू?” आणि घरी अंड्याशिवायचा केक, अंड्याशिवायचं कस्टर्ड सुरू केलं. मका-पिठावर घट्ट केलेलं. दारावर पाटीच लावली, इथे अंडं येत नाही. ज्यांना अंडं चालत नाही, सोसत नाही, त्यांची रांग लागली. त्यातली एक दातांची डॉक्टरीण. तिच्या मुलीला अंड्याचा अंश पोटात गेला तरी अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. वाढदिवसाला मुलीने आयुष्यात पहिल्यांदा केक खाल्ला तो ताईचा. डॉक्टरीण ताईचा हात धरून म्हणाली होती, “ताई, बाहेरचं मी फक्त तुमच्याकडचं देते.” ताईने ते वाक्य दागिन्यासारखं सांभाळलं.

आणि नाकाची सोय? ती होती बेबी. भांडी घासून झाली की ताई पातेलं बेबीपुढे धरायची.

“बघ गं.”

“नाही, काही नाही.”

“नीट बघ.”

“ताई, मी काय शिपाई आहे? नाही म्हटलं ना.”

दिवसातून कितीदा तरी हा संवाद व्हायचा. मी तिथे चहाला गेले की मलाही पाठ होता. ताई बहिणीच्या ‘नाही’वर डोळे मिटून पातेलं फडताळात ठेवायची.

कस्टर्ड चाखायला आईचे चांदीचे चमचे होते. आई म्हणायची, चाखायचं तर चांदीनेच, धातूची चव लागत नाही. तीच सवय; आता चाखायचं काम बेबीचं. कँटीनच्या काळात चमचे उकडलेल्या अंड्यांना लागून काळे पडायचे. अंड्यातलं गंधक चांदीला धरतं, त्यात गूढ काही नाही. ताईने तेव्हाच बेबीला युक्ती शिकवली होती. भांड्याच्या तळाला अॅल्युमिनियमचा कागद, त्यावर चमचे कागदाला टेकतील असे, वर सोडा आणि मीठ, आणि कढत पाणी. काळेपणा बुडबुड्यांसकट उतरतो. पावडरीने घासलं तर काळ्याबरोबर चांदीही जाते. या रीतीत ती जात नाही. “बेबे, घासणारा चांदी खातो,” असं ताई म्हणायची.

आता गोष्ट. एक दिवस डॉक्टरीण आली, दारातच उभी राहिली. मी आत बसले होते.

“ताई, काल कस्टर्ड नेलं होतं. पोरीला गांधी उठल्या. फार नाही, औषधाने बसल्या. पण उठल्या.”

“दुसरं काही खाल्लं असेल.”

“काही नाही. मी विचारते आहे फक्त. तुमच्याकडे कुठे चुकून…”

“माझ्या घरात अंडं येतच नाही,” ताई म्हणाली. “मी तुम्हाला आईची शपथ घेऊन सांगते.”

बेबी ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. मला तेव्हा वाटलं, बिचारी घाबरली. डॉक्टरीण गेली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. ताई दार लावून आत आली आणि म्हणाली, “माझं नाव खराब झालं तर एक वेळ चालेल. पण त्या पोरीला काही झालं असतं तर?”

दोनेक दिवसांनी मी गेले तेव्हा ताई ओट्यापाशी एक पातेलं हातात घेऊन उभी होती. बेबी बाजारात होती. ताई केक पोचवून नेहमीपेक्षा लवकर परतली होती, एवढंच निराळं.

“हे बघ,” म्हणाली.

पातेल्याच्या आत पांढुरका थर. धुतलेलं होतं, पण थर होता.

“पाण्याचा क्षार असेल,” मी म्हटलं.

“मलाही तसंच वाटलं. व्हिनेगर ओतून ठेवलं. क्षार असता तर विरघळला असता.” तिने नखाने खरवडलं. नखाखाली पापुद्र्याचा तुकडा आला, पातळ, चिवट. “आणि मका-पीठ असतं तर कोमट पाण्यात बुळबुळीत होऊन सुटलं असतं. हे सुटत नाही. कुणीतरी घाईत वर कढत पाणी ओतलंय.”

तिने पातेलं माझ्या नाकाशी धरलं. “बघ गं.”

मी वास घेतला. कच्चट, ओला, कोंबड्यांच्या खुराड्यासारखा. मला खोटं बोलता आलं असतं, पण ती सवय मला लागली नाही.

“अंडं,” मी म्हटलं.

ताई स्टुलावर बसली. मग उठली आणि चमच्यांचा खण उघडला. चमचे स्वच्छ, पांढरे, नव्यासारखे चमकत होते. ती बघत राहिली.

“किती सुंदर ठेवलेत,” मी म्हणाले, बोलायचं म्हणून.

“हेच तर,” ती म्हणाली. “चांदी आपोआप मंद होते. वाऱ्यानेसुद्धा पिवळसर होते. मी महिनोन् महिने ते उजळलेले नाहीत. मग हे असे का?”

तिने कचऱ्याची बादली ओढली. चहाच्या चोथ्याखाली अॅल्युमिनियमच्या कागदाच्या चुरगळलेल्या गोळ्या होत्या. तिने एक उलगडली. आतली बाजू काळपट, आणि तिच्यावर चमच्याच्या दांड्याचा ठसा. तिनेच शिकवलेली युक्ती तिच्याच घरात तिच्याविरुद्ध वापरली गेली होती, आणि ती करताना जो कुजका वास सुटतो तो घरात फक्त एकाच माणसाला कळणार नव्हता.

बेबी पिशवी घेऊन आली. ओट्यावर पातेलं, चमचे, कागद मांडलेले बघितले आणि पिशवी खाली ठेवली. नाटक केलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

“कधीपासून?” ताईने विचारलं.

“गेल्या हिवाळ्यापासून.”

“का?”

“तुझं कस्टर्ड चिकट व्हायचं, ताई. पिठूळ लागायचं. तुला चव कळत नाही, तुला कोण सांगणार? लोक नेणं बंद करत होते. मी पिवळा बलक घातला, एकदाच, बघावं म्हणून. लोकांनी नावाजलं. तू किती खूश झालीस तेव्हा. म्हणालीस, हात बसला.”

“ते कौतुक तुझं होतं तर.”

“मी ते मागितलं नाही. तुलाच दिलं.”

“आणि पाटी? दाराबाहेरची?”

“केकमध्ये कधी घातलं नाही मी. डॉक्टरणीला केक जायचा. कस्टर्ड तिने या वेळी पहिल्यांदाच मागितलं. मी नको म्हणणार होते…”

“पण म्हणाली नाहीस. मी शपथ घेतली तेव्हा तू तिथे उभी होतीस.”

बेबी खाली वाकून पिशवीतली भाजी काढू लागली.

“आईची शपथ, बेबे.”

“मला वाटलं, थोड्याने काही होत नाही.”

“रोज मी तुला पातेलं दाखवायचे,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच ऐकवत नव्हता. “तू वाकून वास घ्यायचीस. घ्यायचीस ना? की नुसतीच वाकायचीस?”

“घ्यायचे.”

“आणि येत असताना नाही म्हणायचीस.”

मी उठून बाहेर गेले. बहिणींच्या मधे तिसऱ्याने बसू नये, आणि मला बेबीकडे बघवत नव्हतं.

ताई त्याच संध्याकाळी मला घेऊन डॉक्टरणीकडे गेली. न घासलेलं पातेलं सोबत घेतलं. मी म्हटलं, पातेलं कशाला? म्हणाली, “तोंडाने सांगितलेलं आता माझं मलाच खरं वाटत नाही.” डॉक्टरणीने ऐकून घेतलं. ओरडली नाही. म्हणाली, “ताई, तुम्ही स्वतः आलात, बरं केलंत. पण आता मी कुठूनच काही आणणार नाही.” मुलगी आतून डोकावली आणि विचारलं, या केकवाल्या आजी ना? डॉक्टरीण म्हणाली, आत जा.

कस्टर्ड बंद झालं. केक चालू आहे, निम्म्या गिऱ्हाइकांवर. झालेलं ताईने ज्याला त्याला स्वतः सांगितलं, म्हणून निम्मी. बेबी त्याच घरात राहते. ताईने तिला जा म्हटलं नाही, कपाटातला अर्धा भाग परत घेतला नाही. दोघी एका टेबलावर जेवतात, मीठ दे, पाणी घे, एवढं बोलतात. लोक म्हणतात, मिटलं. लोकांना कुठलंही भांडण मिटलेलं बघायची घाई असते.

परवा मी गेले तेव्हा ताई भांडी घासून उठली होती. बेबी तिथेच, हाताच्या अंतरावर, पुसण्याचं फडकं घेऊन उभी.

“दे ताई, मी बघते,” बेबी म्हणाली.

“राहू दे.”

आणि ती गुडघेदुखीची बाई ओलं पातेलं पदराने पुसत पायरी उतरली, रस्ता ओलांडला, आणि समोरच्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार आता सरावला आहे. त्याने गोळ्यांची बाटली बाजूला ठेवली, पातेल्यात नाक घातलं.

“काही नाही, ताई. साबणाचा येतोय फक्त.”

“नक्की?”

“नक्की. मला तुमच्याशी खोटं बोलून काय मिळायचंय?”

ताई म्हणाली, “म्हणूनच येते तुझ्याकडे.”

बेबी खिडकीत उभी राहून बघत होती. हातातलं फडकं कोरडंच होतं.