विम्याच्या दोन पावत्या

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोलाही माहीत नाही. तुम्हालाच का सांगतोय — ते मलाही कळत नाही.

पंचाहत्तर साल. मी सांगलीत खोली घेऊन राहायचो, एका कारखान्यात कारकून होतो. पगारातून दरमहा आयकर कापला जायचा. माझं पहिलंच विवरणपत्र, आणि दुसऱ्या दिवशी तीस जून, शेवटची तारीख! कारकुनाने इतका आळस करावा? पण मी केला होता. आष्ट्याच्या घरी रात्री फॉर्म पसरून बसलो.

थोरला भाऊ फौजेत, अंबाल्याला. घरी वहिनी. भावाने माझ्या नावावर विमा उतरवला होता. वर्षाचे दोन हप्ते वहिनी भरायची — म्हशीच्या दुधाच्या पैशातून. नोकरी लागल्यावरही मी 'पुढचा मी भरतो' एवढंच म्हणत राहिलो.

कारखान्याच्या दाखल्यावरून वर्षाचा पगार लिहिला, ठरावीक वजावट घेतली, फंड वजा केला. कर निघाला तो कापलेल्या कराएवढाच. मग वहिनीकडच्या पावत्या आठवल्या. त्या मी कारखान्यात दिल्याच नव्हत्या. हप्ते वजा करून पुन्हा कर काढला — तर जास्तीचा कापला गेलेला. सरकारच मला देणं लागत होतं!

पण वजावट मिळते ती स्वतःच्या कमाईतून भरलेल्या हप्त्यांची. कारखान्याच्या हिशेबनिसाने तसं बजावलं होतं. म्हणजे मला माहीत होतं — नीट माहीत होतं. पावत्यांवर नाव माझं, मग विचारणार कोण? 'मजकूर खरा आहे' याखाली सही ठोकली आणि परताव्याचा अर्ज जोडला.

पावत्या काढून देताना वहिनी म्हणाली, "पैसं परत येनार व्हय, भावजी? मग म्या एकदा ह्यांच्याकडं जाऊन येते. लगीन झाल्यापासनं त्यांची छावनी बगितलीच न्हाई."

"जावा की, वैनी," मी म्हणालो.

सकाळच्या एसटीने सांगली गाठली, कागद देऊन पोचेवर शिक्का घेतला. काही महिन्यांनी माझ्या खोलीच्या पत्त्यावर करआकारणीचा आदेश आला, सोबत परताव्याचं व्हाउचर. अंबाल्याचं जाऊन-येऊन तिकीट सहज निघालं असतं. मी थोडी भर घालून मनगटी घड्याळ घेतलं.

वहिनीला सांगितलं, अर्ज नामंजूर झाला. घड्याळ? — कारखान्याने बक्षीस दिलं. तिने ते हातात घेतलं, हळदकुंकू लावलं, शेजारणींना दाखवून आली. लाज वाटली, तरी घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं.

भाऊ पुढे पेन्शनवर आला. वहिनीचं अंबाल्याला जाणं राहिलं ते राहिलंच. गावात कुणाला सरकारी अर्ज लिहायचा असला की ती माझ्याकडे पाठवायची — "आमचं भावजी खोटं लिवायचं न्हाईत."

गेल्या महिन्यात ती गेली. तिच्या तेराव्याला मी पंगत वाढली. घड्याळ हातातच होतं.