शिवकन्या सिस्टरचे गुण

मार्च सरत आला की आरोग्य केंद्रातल्या कंत्राटी लोकांची झोप उडते. अकरा महिन्यांची नेमणुकीची ऑर्डर संपत आलेली असते आणि साहेबांच्या टेबलावर मूल्यमापनाच्या फॉर्मचा गठ्ठा येऊन पडतो. यंदा जिल्ह्याच्या पत्रात एक ओळ जास्तीची होती: साठपेक्षा कमी गुण असलेल्यांची ऑर्डर वाढवू नये. गेवराई तालुक्यातल्या त्या केंद्रात सहा उपकेंद्रं, सहा सिस्टर. पाच जणींचे फॉर्म केंद्राचे साहेब, डॉक्टर प्रविण यांनी तासाभरात भरून टाकले. सहावा शिवकन्या सिस्टरचा होता आणि तिथं पेन अडलं.

अडलं, कारण शिवकन्या सिस्टरबद्दल लिहायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. दोन वर्षांत ही बाई दर महिन्याच्या मीटिंगला आली, दाराजवळच्या खुर्चीवर बसली, विचारलं तेवढ्याला ‘हाय सर’ नाहीतर ‘न्हाई सर’ म्हणाली आणि चहा अर्धा ठेवून एसटी गाठायला निघून गेली. तिचं वय अडतीस. नवरा ट्रॅक्टर उलटून कमरेत अधू झालेला, मुलगी बीडला बारावीला. अकरा वर्षं ती याच ऑर्डरवर जगत होती. ही माहिती डॉक्टरांना होती, पण ती फॉर्ममध्ये लिहायची नसते.

याउलट सुनिता सिस्टर. ती उभी राहिली की हॉल जागा व्हायचा. आकडे तोंडपाठ, ग्रुपवर रोज चार फोटो, आणि साहेबांनी विनोद केला तर सगळ्यांत आधी हसणार. तिच्या उपकेंद्राचं लसीकरण सत्त्याण्णव टक्के. शिवकन्याचं एकाहत्तर.

फॉर्म तसा सोपा होता. सत्तर गुण आकड्यांवरून निघायचे, ते चव्वेचाळीस निघाले. तीस गुण साहेबांच्या हातात: पुढाकार, संवाद, सभेतला सहभाग. तिथं डॉक्टरांनी बारा टाकले. बेरीज छप्पन्न. ‘कामात शांत. बैठकीत सहभाग नाही. सूचनांची अंमलबजावणी करत नाही’, असं खाली लिहिलं. शेवटचं वाक्य लिहिताना त्यांचा राग थोडा वर आला होता, कारण ऑक्टोबरची गोष्ट ते विसरले नव्हते.

ऑक्टोबरात ऊसतोडीला टोळ्या निघतात. निम्मी गावं कुलपं लावून सांगलीकडं, कोल्हापूरकडं, कर्नाटकात जातात. कडेवरची पोरंसुद्धा बरोबर. त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये डॉक्टरांनीच तोंडी सांगितलं होतं, “जी पोरं गावातच नाहीत, त्यांची नावं लसीच्या यादीत ठेवून आपली टक्केवारी कशाला पाडायची? कमी करा. आल्यावर बघू.” पाच जणींनी नावं कमी केली. शिवकन्या मान खाली घालून बसली आणि एकही नाव कमी केलं नाही. ना ‘हो’ म्हणाली, ना ‘नाही’. डॉक्टरांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावून टाकला: बाई एक तर मठ्ठ आहे, नाहीतर अडेल.

फॉर्म दाखवून सही घ्यायची पद्धत असते. शिवकन्या आली, उभ्यानंच वाचलं. छप्पन्नावर तिची नजर थांबली. तिचा पदर हातात चुरगळला गेला तेवढाच.

“काही म्हणायचंय का, सिस्टर? पंधरा दिवसांत आक्षेप घेता येतो.”

“न्हाई सर.”

सही करून ती गेली. डॉक्टरांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही, पण त्यांनी ते ॲसिडिटीवर ढकललं. माणूस स्वतःला फसवायला बसला की डॉक्टर असो नाहीतर कुणी, औषध घरातच सापडतं.

टोळ्या परत आल्या आणि आठवडाभरात सुनिता सिस्टरच्या गावातून बजरंग नावाचा तोडकरी आपली चौदा महिन्यांची मुलगी घेऊन आला. ताप, लाल डोळे, कानामागून सुरू होऊन अंगभर उतरलेले पुरळ, आणि श्वास उथळ. डॉक्टरांनी लांबूनच ओळखलं. गोवर. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराची जी पहिली लस मिळायची, ती त्या पोरीला नोव्हेंबरात मिळायला हवी होती, आणि नोव्हेंबरात ती कर्नाटकातल्या उसाच्या फडावर होती. तिला अ जीवनसत्त्वाचा डोस देऊन रुग्णवाहिकेतून बीडला पाठवलं. छातीत न्यूमोनिया झाला होता.

“कार्ड कुठंय?” डॉक्टरांनी बजरंगला विचारलं.

“हाय की सर, पेटीत. पण तिकडं कुठं जायचं ते कुनी सांगितलंच न्हाई. फोन बी न्हाई आला.”

फोन कुणी करणार? नाव यादीतच नव्हतं. ते कुणी काढायला लावलं होतं, हे डॉक्टरांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दोन दिवसांत आणखी तीन पोरं, दोन गावांतली. तालुक्यावरून फोन आला: स्थलांतरित कुटुंबातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांची यादी, लसीच्या तारखांसह, संध्याकाळपर्यंत. डॉक्टरांनी सहाही जणींना बोलावून घेतलं. पाच जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. सुनिता सिस्टरच्या तोंडपाठ आकड्यांत ही पोरं कुठंच नव्हती. मग शिवकन्यानं पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि टेबलावर ठेवली.

वहीत तिच्या गावांतल्या एकेका टोळीचं पान होतं. मुकादमाचं नाव, नंबर, कारखाना, फडाचं गाव, तिथून जवळचं सरकारी आरोग्य केंद्र आणि तिथला लसीचा वार. खाली पोरांची नावं. फोन कधी केला, कुणी उचलला, आईनं काय सांगितलं. ‘मुकादम म्हणतो टाईम नाही. परत फोन केला. आईला सांगितले, बुधवारी जा.’ तेवीस पोरांची लस या काळात यायची होती. एकोणीस पोरांना तिनं फोनवरून तिकडंच लस द्यायला लावली होती. उरलेल्या चौघांना परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः टोचली होती. कार्ड हातात घेऊन तारीख डोळ्यांनी बघेपर्यंत तिनं एकाही पोराला यादीत ‘झाले’ म्हणून धरलं नव्हतं. तिचे एकाहत्तर टक्के असे आले होते. तिच्या गावांत गोवराचा एकही रुग्ण निघाला नाही.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी स्वतः मोटरसायकल काढून तिच्या उपकेंद्रावर गेले. ती एका बाळंतिणीचं बीपी बघत होती. डॉक्टरांना बघून उठू लागली, त्यांनी हातानंच बसा म्हटलं आणि बाळंतीण गेल्यावर बोलायला सुरुवात केली. एवढा बोलका माणूस, पण शब्द अडखळत होते.

“सिस्टर, तुम्ही आक्षेपाचा अर्ज द्या. अजून चार दिवस आहेत. मी शिफारस करतो.”

“मला नोकरी पायजे सर,” ती म्हणाली. “लई पायजे. पोरीची फी हाय, ह्यांचं औषध हाय. पण अर्जात काय लिहू?”

“हेच, की तुम्ही फोन करत होतात. मला आधी सांगितलं असतंत तर... तुम्ही मीटिंगमध्ये एक शब्द बोलत नाही, सिस्टर. मला कळणार कसं?”

कपाटातून मासिक अहवालांची फाईल काढून तिनं त्यांच्यापुढं उघडी ठेवली. ऑक्टोबर ते मार्च, सहा कागद. प्रत्येकाच्या शेवटच्या रकान्यात, शेरा लिहायच्या जागी, बारीक अक्षरात तेच: ‘नावे कमी केली नाहीत. मुले बाहेरगावी आहेत, लस बाकी आहे, फोनवर पाठपुरावा चालू. बाकीच्या उपकेंद्रांचीही नावे ठेवावीत ही विनंती.’ आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी शिक्का, त्यावर डॉक्टरांची सही.

“चार मान्सांत मला बोलता येत न्हाई सर. घसाच बसतो. म्हणून लिहिलतं. तुमी सही केली, मला वाटलं वाचलं.” मग हळू आवाजात, “अर्जात मी काय, साहेबांनी वाचलं न्हाई असं लिहू का?”

डॉक्टर तो रकाना पुन्हा पुन्हा वाचत राहिले. बाई गप्प नव्हती. सहा महिने ती त्यांना सांगत होती, आणि गठ्ठ्यात कागद पुढं सरकवत ते सह्या ठोकत होते. तिची विनंती एकदा जरी वाचली असती तर बजरंगच्या पोरीच्या नाकात आज ऑक्सिजनची नळी नसती.

तो अर्ज शिवकन्यानं लिहिलाच नाही. डॉक्टरांनी स्वतःच पत्र लिहिलं आणि गेवराईला तालुका अधिकाऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं. सोबत सहा कागदांच्या प्रती.

अधिकारी मुरलेला माणूस. त्यांनी पत्र वाचलं, प्रती चाळल्या आणि त्या अलगद बाजूला केल्या. “बेरीज चुकली, असं लिहा की डॉक्टर. छप्पन्नाचे पासष्ट करू. बाईचं काम होतंय, तुमचंही निभावतंय. हे कागद लावले तर गोवराचं सगळं तुमच्या अंगावर येईल. सही तुमची आहे.”

डॉक्टरांना मोह झाला, नाही असं नाही. सव्वा वर्षानं पदव्युत्तर प्रवेशासाठी खात्याची शिफारस लागणार होती, घरी वडिलांना त्याचीच आस. पण बेरीज चुकली नव्हती. चुकला होता तो गुण देणारा, आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा नावं कापली जाणार होती, यावेळी पासष्ट गुणांच्या आडून. त्यांनी त्या प्रती उचलून पुन्हा पत्राला टाचल्या.

पत्रात त्यांनी लिहिलं होतं: ‘नावे कमी करण्याची सूचना माझी होती. श्रीमती शिवकन्या यांनी ती लेखी नाकारली. मी न वाचता सही केली. त्यांचे गुण माझ्या चुकीमुळे कमी झाले आहेत.’

तीन आठवडे काहीच आलं नाही. बजरंगची पोर घरी आली, निम्मी होऊन. शिवकन्याची ऑर्डर संपली होती. तरी ती बिनपगारी उपकेंद्रावर येत होती, आणि डॉक्टरांना ते माहीत असून तिला थांबवायचं की नाही, हे ठरत नव्हतं. मग एका दुपारी दोन पाकिटं एकदम आली. एकात सुधारित गुण, बहात्तर, आणि अकरा महिन्यांची ऑर्डर. दुसऱ्यात डॉक्टरांना कारणे दाखवा नोटीस.

नोटीस खणात टाकून त्यांनी आधी फोन लावला.

“सिस्टर, तुमची ऑर्डर आली.”

“बरं सर.”

नंतर शब्द नाही. डॉक्टरांना वाटलं, नेहमीसारखं संपलं. ते फोन ठेवणार तेवढ्यात पलीकडून हुंदका फुटला, आणि शिवकन्या सिस्टर मोठ्यानं रडू लागली. थांबता थांबेना. दोन वर्षांत तिचा एवढा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. बाहेर पेशंट खोळंबले होते. डॉक्टर फोन कानाला लावून ऐकत राहिले.