अठरा मायक्रॉन

लॅबमध्ये सगळे तिला मापाताई म्हणायचे. तेवीस वर्षं ती जंतांची अंडी मोजत होती आणि नव्या माणसाला तिचा पहिला दम ठरलेला असे. "आयपीसमधली, डोळा लावतो त्या भिंगातली, पट्टी मुकी असते. तिच्या रेघा आपणहून काही सांगत नाहीत. मायक्रोस्कोप बदलला की आधी मापाची स्लाइड लावायची, मग तोंड उघडायचं." त्या स्लाइडवर एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात, एकेक भाग दहा मायक्रॉनचा. त्यावर पट्टी ताडून पाहिली की तिच्या एका रेघेचं माप कळतं. मीही हा दम खाल्लाय, म्हणूनच मला अजून राग येतो.

नवा मायक्रोस्कोप आला त्याच दिवशी तिच्या धाकट्या भावाच्या शौचाचा नमुना आला. तो आमच्याच इस्पितळात लिफ्ट चालवायचा. महिनाभर खोकला, थुंकीत रक्त. ताईचा जीव टांगणीला लागला होता. स्लाइडवर झाकण असलेलं अंडं दिसलं. अशी अंडी आमच्याकडे बहुधा दोन कृमींची असतात: जरा लहान असेल तर आतड्यातल्या पट्टकृमीचं, मोठं असेल तर फुफ्फुसातल्या कृमीचं, थुंकीबरोबर गिळलं गेलेलं. लांबी भरली छत्तीस रेघा. जुन्या मायक्रोस्कोपवरची चिठ्ठी तिने सकाळीच काढून नव्यावर चिकटवली होती: चाळीसचं भिंग, एक रेघ दोन मायक्रॉन.

"ताई, मापाची स्लाइड?" मी विचारलं.

"ती साहेबांच्या कपाटात आहे नि साहेब मीटिंगला. भिंग चाळीसचंच आहे गं, काय फरक पडणार?"

छत्तीस दुणे बहात्तर. तिने पट्टकृमी लिहिलं. भावाला त्यावरच्या औषधाची एक मात्रा मिळाली आणि खोकल्याचं खापर क्षयावर फुटलं. जंतू एकदाही सापडला नाही, पण एक्स-रेवर डाग होता. सहा महिने गोळ्या. त्याच्यासोबत लिफ्टमध्ये कोणी चढेना, मग नोकरी गेली. बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. आईने त्याचं ताट वेगळं केलं.

औषधं संपली, खोकला तसाच. पुन्हा नमुना, पुन्हा तीच अंडी, छत्तीसच रेघा. या वेळी ताईने कपाट उघडायला लावलं. स्लाइडच्या दहा भागांवर पट्टीच्या चाळीस रेघा अचूक बसल्या. शंभर मायक्रॉन भागिले चाळीस, म्हणजे अडीच. जुन्या मायक्रोस्कोपची नळीच प्रतिमा थोडी जास्त मोठी करायची, म्हणून तिथे पन्नास बसत. अंडं नव्वद मायक्रॉनचं होतं. फुफ्फुसातल्या कृमीचं.

"चिठ्ठी बदला नि विसरून जा," साहेब म्हणाले. तिने ऐकलं नाही. रजिस्टरमधला मोजून दिलेला प्रत्येक रिपोर्ट तिने पुन्हा तपासला आणि खाली सही केली. तिला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

योग्य औषध तीन दिवसांचं होतं. तीन दिवसांचं! खोकला गेला. बायकोने निरोप पाठवला, मुलीची शाळा आता इकडे माहेरीच आहे.

एका रविवारी मी ताईकडे गेले होते; आई नि भाऊ तिच्याकडेच राहत. ती भावासमोर बसून सगळं कबूल करत होती. त्याने विचारलं,

"अठरा मायक्रॉन म्हणजे केवढं गं, ताई?"

"केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा."

जेवण झाल्यावर त्याने स्वतःचं ताट घासलं आणि सवयीने मोरीवरच्या वेगळ्या फळीवर ठेवलं. ताईने ते उचलून सगळ्यांच्या ताटांत लावलं. त्याने ते पुन्हा काढून फळीवर ठेवलं.