समईचं टोपण आणि सर्दीची गोळी

धाकट्या जावेनं फार्मसीचा डिप्लोमा केलाय, श्रीगोंद्यात मेडिकलच्या काउंटरवर बसते. मी चौदा वर्षं सासूबाईंचं दुखणं-खुपणं काढतेय, पण ती घरात आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच, "धाकलीला इचार." जळायची मी. खोटं कशाला बोलू!

त्या थंडीत सासूबाईंना ताप-खोकला आला. डॉक्टरांनी तापाची पॅरासिटामॉल आणि खोकल्याचं औषध दिलं. ताप आपल्याच हातानं उतरावा म्हणून मी दुसऱ्या दुकानातून सर्दीची गोळीही आणली, धाकटीला न विचारता. दोन दिवस दोन्ही गोळ्या दिल्या, दिवसातून तीन-तीन वेळा. खोकल्याचं औषध पोह्याच्या चमच्यानं, कधी काठोकाठ, कधी अर्धं सांडून. बाटलीबरोबरचं मापाचं टोपण मी समईत तेल घालायला देवघरात नेलं होतं. आमच्याकडे अशी टोपणं तिथंच जातात.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गोळ्या तळहातावर घेऊन उभी होते, तेवढ्यात ती आली.

"ताई, ही दुसरी कसली?"

"सर्दीची. आता त्यातही तुझी शिकवणी?"

तिनं पाकीट उलटं केलं आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथंही पॅरासिटामॉल! मला हात धरून स्वयंपाकघरात नेलं. हळूच म्हणाली, "ताई, एकच औषध दोनदा जातंय. आईंचं वजन चाळीस किलो. लिव्हरवर येतं हे. किती दिल्या, खरं सांगा."

खरं सांगायचं, तेही हिला! पण सासूबाई बाहेर खोकत होत्या. सांगितलं सगळं.

तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावला. सर्दीची गोळी बंद, तापाचीही तूर्त देऊ नका, घेऊन या, म्हणाले. रक्त तपासलं. लिव्हर ठीक निघालं, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

घरी येऊन तिनं देवघरातलं टोपण साबणानं घासलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "तुम्हीच ओता. ओट्यावर सपाट ठेवून, डोळा रेघेशी आणून. दहाची रेघ." ओतलं मी. वाकून बघताना डोळ्यांत पाणी आलं, रेघ धूसर दिसायला लागली. पुसून पुन्हा बघितली.

दोन दिवसांत ताप गेला. शेजारीण बघायला आली, तर सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "थोरलीच्या हाताला लई गुन हाय. तिच्या गोळ्यांनीच बरी झाले बघ."

धाकटी तिथंच भाजी निवडत होती. मी तिच्याकडं बघितलं. ती नुसती हसली, "व्हय की," म्हणाली आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं.

तिनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान तिच्यावर चिडता तरी आलं असतं मला.